मेसच्या फळ्यावर प्रोटीनचा आकडा: समितीला द्यायचे पत्र आणि त्यामागचा हिशोब

नेरूळ, खारघर, ऐरोली, कोपरखैरणे, कुठल्याही हॉस्टेलच्या मेसमध्ये फळ्यावर रोजचा मेनू लिहिलेला असतो: वरण, भात, मटकीची उसळ, चपाती, कोशिंबीर. त्याच ओळीत पुढे ‘एका वाटीत अंदाजे इतके ग्रॅम प्रोटीन’ एवढे लिहावे, ही मागणी तशी किरकोळ आहे. तरीही अशी पत्रे समितीच्या फाइलमध्ये पडून राहतात. त्याचे मुख्य कारण म्हणजे पत्रात मागणी असते, हिशोब नसतो. हिशोब नसला की समितीला वाटते, यासाठी आहारतज्ज्ञ नेमावा लागेल, प्रयोगशाळेत नमुने पाठवावे लागतील, ठेकेदार जादा पैसे मागेल. खरे तर लागते एक वजनकाटा, एक वही आणि पाचवीतले त्रैराशिक. म्हणून आधी हिशोब करायचा आणि मग पत्र लिहायचे, हा क्रम उलटा करू नका.

खालच्या उदाहरणांत 120 जणांची मेस धरली आहे. तुमच्याकडे आकडे वेगळे येतील, पण रीत हीच राहील.

शिजलेले नाही, कच्चे मोजा

शिजवताना डाळीतले प्रोटीन कुठे जात नाही. कुकरमध्ये गेलेली डाळ पाणी पिते, फुगते, मग घोटून वरून आणखी पाणी घातले जाते. वजन वाढते ते पाण्याचे. त्यामुळे पातेल्यात किती कच्ची डाळ पडली हे कळले की पातेल्यातले एकूण प्रोटीन कळले. पुढे ते तयार पदार्थाच्या वजनावर वाटायचे.

```
एका वाटीतले प्रोटीन (ग्रॅम) =
  कच्च्या जिन्नसातले एकूण प्रोटीन (ग्रॅम)
  ÷ तयार पदार्थाचे वजन (ग्रॅम)
  × एका वाटीत वाढलेले वजन (ग्रॅम)
```

कच्च्या जिन्नसात किती टक्के प्रोटीन असते, यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली प्रसिद्ध केलेली भारतीय खाद्यपदार्थांची पोषणमूल्यांची कोष्टके वापरा. बहुतेक मेसची डाळ तुर्भ्याच्या एपीएमसीतल्या दाणा बाजारातून पोत्याने येते आणि पोत्यावर पोषणमूल्ये छापलेली नसतात, त्यामुळे या कोष्टकांचाच आधार घ्यावा लागतो. व्यवहारासाठी गोळाबेरीज आकडे असे धरता येतात: तूरडाळ 22 टक्के, मूगडाळ आणि मसूरडाळ 24, हरभराडाळ 21 ते 22, मटकी 20, राजमा 20, शेंगदाणे 24, कणीक साडेदहा, तांदूळ 8, पोहे साडेसात. पाकिटातून येणाऱ्या वस्तूंसाठी, म्हणजे दूध, पनीर, सोया चंक्स यांच्यासाठी, पाकिटावर छापलेला आकडा घ्या. तो तुमच्या मेसमध्ये येणाऱ्या नेमक्या मालाचा असतो, आणि समितीत कोणी शंका काढली तर पाकीट पुढे करता येते.

मोबाइलच्या ॲपमधून ‘शिजलेली डाळ’ शोधून आकडा उचलू नका. तिथे बहुधा परदेशी कोष्टकांतला आकडा असतो: पाणी निथळलेल्या, उकडलेल्या मसुरांचा, 100 ग्रॅमला सुमारे 9 ग्रॅम. त्या हिशोबाने 150 ग्रॅमच्या वाटीत साडेतेरा ग्रॅम प्रोटीन निघते. मेसच्या पातळ वरणात त्याच्या एक तृतीयांशच असते, हे आता आकड्यांत पाहू.

स्वयंपाकघरात काय मोजायचे

तीनच गोष्टी मोजायच्या: कच्चा माल, तयार पदार्थ आणि वाढप.

कच्चा माल सकाळी कोठीतून निघतो तेव्हा मोजायचा. बहुतेक ठिकाणी ‘स्टॉक रजिस्टर’ असते आणि त्यात आज साडेतीन किलो तूरडाळ काढली अशी नोंद होते. पहिले दोन दिवस मात्र नोंदीवर विसंबू नका, स्वतः काट्यावर बघा. डब्याने माप घेण्याची सवय असलेला आचारी ‘चार डबे’ म्हणजे चार किलो धरतो. डबा गच्च भरला की सपाट, यावर त्यात पाव किलोचा फरक सहज पडतो.

तयार पदार्थ फोडणी पडल्यावर, वाढायला काढण्याच्या आधी मोजायचा. रिकाम्या पातेल्याचे वजन एकदा करून कानाजवळ पक्क्या मार्करने लिहून ठेवा म्हणजे दर वेळी वजा करता येईल. पातेले भरून काट्यावर चढवणे धोक्याचे असेल, आणि उकळत्या वरणाचे पातेले उचलणे धोक्याचेच असते, तर उंचीवरून अंदाज काढा. उभ्या कडांच्या आणि आतून 40 सेंटिमीटर व्यासाच्या पातेल्यात दर सेंटिमीटर उंचीला सुमारे सव्वा लिटर मावते. स्टीलची पट्टी बुडवून 21 सेंटिमीटर आले तर वरण साधारण 26 लिटर. पातळ पदार्थांसाठी एक लिटर म्हणजे एक किलो धरले तर फळ्यावरच्या आकड्यात जाणवेल असा फरक पडत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो वाढपात. वाटी काठोकाठ भरली तर 200 ग्रॅम मावते, पण रांगेत कोणी काठोकाठ वाढत नाही. म्हणून वाटीचे नव्हे, वाढलेल्या वरणाचे वजन करा. रिकामी वाटी काट्यावर ठेवून शून्य करा, वाढणाऱ्या मावशींकडून नेहमीसारखे एक ओगराळे वाढून घ्या, वजन लिहा. असे वेगवेगळ्या वेळी पाचदा करून सरासरी काढा. मावशींना आधी नीट सांगा की हे त्यांच्यावर लक्ष ठेवणे नाही. तसे वाटले तर त्या दिवशी प्रत्येक वाटी काठोकाठ भरेल आणि आकडा खोटा येईल.

वरणाचा पूर्ण हिशोब

समजा दुपारच्या वरणात साडेतीन किलो तूरडाळ पडली. 22 टक्क्यांनी तिच्यात 3500 × 22 ÷ 100 = 770 ग्रॅम प्रोटीन आहे. टोमॅटो, कोथिंबीर, फोडणीचे तेल यांत धरण्याजोगे काही नाही, सोडून द्या.

फोडणीनंतर पातेल्यात 26 किलो वरण भरले. 770 ग्रॅम प्रोटीन 26,000 ग्रॅमांत पसरले, म्हणजे 100 ग्रॅम वरणात जवळपास 3 ग्रॅम (नेमके 2.96). सरासरी वाढप 150 ग्रॅम निघाले, तर एका वाटीत 4.4 ग्रॅम. फळ्यावर लिहायचे: ‘वरण, 1 वाटी, अंदाजे 4.5 ग्रॅम’.

एक पडताळा लगेच करून बघा. 26 किलो वरणाच्या 150 ग्रॅमच्या सुमारे 173 वाट्या होतात. 120 जण जेवले आणि पातेले जवळजवळ रिकामे झाले, म्हणजे माणशी साधारण दीड वाटीच्या आतबाहेर गेली. हे तुम्ही डोळ्यांनी पाहता त्याच्याशी जुळते का? जुळत नसेल, म्हणजे प्रत्येकी एकच वाटी घेऊनही पातेले संपले असेल, तर तयार वजन किंवा वाढप यांपैकी एक चुकले आहे. आकडा फळ्यावर जाण्याआधी तो दुरुस्त करा.

आता रात्रीची गोष्ट. नऊच्या सुमारास उशिरा येणाऱ्यांची गर्दी होते आणि दुपारच्याच मापाने केलेल्या रात्रीच्या वरणातले 10 किलो पातेल्यात उरलेले असते. पुरावे म्हणून त्यात दोन लिटर गरम पाणी आणि चिमूटभर मीठ जाते. उरलेल्या 10 किलोत 296 ग्रॅम प्रोटीन होते, ते आता 12 किलोत वाटले जाते. वाटीमागे 3.7 ग्रॅम. साडेआठला जेवणारा आणि साडेनऊला जेवणारा एकाच दराने पैसे भरतो, पण दुसऱ्याला सुमारे सहावा हिस्सा कमी मिळतो. पाणी घातले का, हे ओळखायला सोपी युक्ती आहे: सुरुवातीचे वरण एका काचेच्या ग्लासात आणि नऊनंतरचे दुसऱ्या सारख्याच ग्लासात, सारख्याच उंचीपर्यंत भरून पंधरा-वीस मिनिटे तसेच ठेवा. डाळ खाली बसते आणि वर नितळ पाण्याचा थर दिसतो. दुसऱ्या ग्लासात तो थर ठळकपणे जास्त असेल तर उत्तर मिळाले. फक्त दोन्ही वेळा वरण पातेल्यात तळापासून ढवळून घ्या, नाहीतर वरवरचे पाणी आणि तळातली डाळ यांची तुलना होईल.

उसळ, पनीर आणि चपाती

मटकीच्या उसळीत चूक ठरलेली असते. मोड आलेली मटकी मोजली जाते, कारण स्वयंपाकघरात तीच समोर दिसते. पाच किलो कोरडी मटकी भिजून, मोड येऊन साधारण दहा किलो होते. कोणी दहा किलोवर 20 टक्के लावले की प्रोटीन दुप्पट झाले! भिजवण्याआधीचे, म्हणजे आदल्या दिवशीचे, कोरडे वजन धरा: 5 किलो × 20 टक्के = 1000 ग्रॅम. रश्शासकट उसळ 24 किलो झाली आणि वाढप 150 ग्रॅम, तर 1000 ÷ 24,000 × 150 = सव्वासहा ग्रॅम. सोया चंक्सचेही असेच. कोरडे दीड किलो आणि पाकिटावर 52 टक्के, म्हणजे 780 ग्रॅम. भिजून पिळल्यावरच्या वजनाला 52 टक्के लावले तर हसे होईल.

मटार पनीर ही मेसमधली मानाची भाजी. तिचा हिशोब मांडला की समितीच्या बैठकीत चर्चा रंगते. पनीर अडीच किलो, पाकिटावर 18 टक्के: 450 ग्रॅम. ताजे मटार तीन किलो, 7 टक्के: 210 ग्रॅम. एकूण 660 ग्रॅम, 120 जणांत माणशी साडेपाच. मटकीच्या एका वाटीपेक्षा कमीच. कारण उघड आहे. अडीच किलो पनीर 120 जणांत वाटले की माणशी जेमतेम 21 ग्रॅम येते, म्हणजे दोन छोटे तुकडे. या भाजीला सरासरी वाटीचा आकडाही फसवा ठरतो, कारण तुकडे ग्रेव्हीसारखे सारखे पसरत नाहीत. रांगेत पुढे असलेल्याला पाच मिळतात, शेवटच्याला नुसता मटार. अशा पदार्थांसाठी वाटीऐवजी तुकड्यांचा आकडा लिहा: ‘10 ग्रॅमचा पनीरचा एक तुकडा, अंदाजे 2 ग्रॅम’. अंड्याला हा प्रश्नच नाही, एका अंड्यामागे 6 ग्रॅम धरा. चिकनमध्ये हाडासकट वजन धरू नका. हाडे वजा जाता साधारण दोन तृतीयांश मांस उरते आणि त्यावर 20 टक्के लावा.

पनीर सुटे येत असेल आणि पाकीटच नसेल, तर 18 टक्के धरणे धाडसाचे आहे. पनीरसारखा दिसणारा, वनस्पती तेल घालून केलेला पर्यायी पदार्थही बाजारात मिळतो आणि त्यातले प्रोटीन त्याच्या लेबलाशिवाय कळत नाही. अशा दिवशी फळ्यावर त्या ओळीपुढे रेघ मारा. खोट्या आकड्यापेक्षा रेघ बरी.

चपातीला मात्र लोक उगाच वगळतात. कणकेचे दहा गोळे काट्यावर ठेवून सरासरी काढा. समजा गोळा 40 ग्रॅमचा आहे. एक किलो कणकेला सहाशे ते साडेसहाशे मिलिलिटर पाणी लागते, म्हणजे गोळ्यात साधारण 24 ते 25 ग्रॅम कणीक. तिच्या साडेदहा टक्के म्हणजे अडीच ग्रॅम. तीन चपात्यांत साडेसात, दीड वाटी वरणापेक्षा जास्तच.

एका दिवसाची बेरीज करून पाहा. नाश्त्याला 60 ग्रॅम पोहे आणि त्यांत आठ ग्रॅम शेंगदाणे मिळून साडेसहा ग्रॅम, दुधाचा पेला साडेसहा. दुपारी तीन चपात्या साडेसात, वरण साडेचार, उसळ सहा, 50 ग्रॅम तांदळाचा भात चार. रात्री तीन चपात्या साडेसात, वरण साडेचार, भात चार, फळभाजी सुमारे दोन. एकूण 53 ग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला रोज, शरीराच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या विद्यार्थ्याला सुमारे 50 ग्रॅम लागते. मेस सगळी खाल्ली तर भागते! पण यातले निम्म्याहून थोडे जास्त धान्यातून आले आहे. नाश्त्याची वेळ झोपेत घालवणारा 40 वर येतो, आणि वजन कमी करायचे म्हणून चपाती सोडणारा त्याहून खाली. धान्यातल्या प्रोटीनमध्ये लायसिन हे शरीराला लागणारे अमिनो आम्ल कमी असते आणि डाळ ते भरून काढते, म्हणून दोन्ही लागतात. फळ्यावर फक्त डाळ आणि पनीर लिहून चालणार नाही, याचे कारण हेच.

पत्र

पत्र एका पानाचे असावे आणि हिशोब वेगळ्या परिशिष्टात असावा. समितीच्या सदस्यांपैकी निम्मे जण पानच वाचतात, परिशिष्ट एखादाच वाचतो आणि बैठकीत तोच बोलतो. दोघांचीही सोय करा.

मागणी पायलट स्वरूपाची ठेवा: महिनाभर, मेनूतले ठरावीक पदार्थ, हिशोबाचे काम विद्यार्थ्यांकडे. कायद्याची धमकी घालू नका. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबलिंग आणि प्रदर्शन नियमांत मेनूवर कॅलरी लिहिण्याचे बंधन आहे, पण ते केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या खाद्यसेवांना लागू आहे, आणि तेही कॅलरींबाबत. स्थानिक ठेकेदाराच्या मेसला ते सहसा लागू होत नाही. पत्रात तसे ठोकून दिले आणि कोणी नियम काढून वाचला, तर उरलेला खरा हिशोबही संशयात जातो.

नमुना असा:

> दिनांक: ____
>
> प्रति,
> मा. अध्यक्ष,
> मेस समिती,
> ____ वसतिगृह, नेरूळ, नवी मुंबई
>
> विषय: मेसच्या दैनंदिन मेनू फलकावर प्रत्येक पदार्थातील प्रोटीनचे अंदाजे प्रमाण लिहिण्याबाबत.
>
> महोदय/महोदया,
>
> आपल्या वसतिगृहाच्या मेसमध्ये रोजचा मेनू फलकावर लिहिला जातो. त्याच ओळीत पदार्थाच्या एका वाढपात अंदाजे किती ग्रॅम प्रोटीन आहे, हे लिहिले जावे अशी आम्हा विद्यार्थ्यांची विनंती आहे. आपल्या आहारात काय येते हे कळल्यास कोणता पदार्थ किती घ्यावा, हे प्रत्येकाला ठरवता येईल. डॉक्टरांनी प्रोटीन वाढवायला किंवा मर्यादित ठेवायला सांगितलेल्या विद्यार्थ्यांनाही याचा उपयोग होईल.
>
> यासाठी प्रयोगशाळेतील तपासणीची गरज नाही. वापरलेल्या कच्च्या जिन्नसाचे वजन, तयार पदार्थाचे वजन आणि एका वाढपाचे वजन यांवरून हा आकडा काढता येतो. पाच पदार्थांचा हिशोब परिशिष्ट ‘अ’ मध्ये जोडला आहे.
>
> आमच्या विनंत्या पुढीलप्रमाणे:
>
> 1. एक महिना प्रायोगिक तत्त्वावर मेनू फलकावर ‘अंदाजे प्रोटीन’ हा रकाना असावा.
>
> 2. सात दिवसांच्या मेनूचे एक आवर्तन पूर्ण होईपर्यंत, दोन विद्यार्थ्यांना स्वयंपाकघरात वजने नोंदवण्याची परवानगी मिळावी. स्वयंपाकाच्या कामात अडथळा येणार नाही आणि टोपी व ॲप्रन घालूनच प्रवेश केला जाईल.
>
> 3. कच्च्या मालाच्या वजनांची वही समितीकडे राहावी. फलकावर फक्त प्रति वाढप आकडा जावा.
>
> 4. कृतीत किंवा मालात बदल झाल्यास आचाऱ्यांनी नोंदवहीत तशी खूण करावी. पुढचा हिशोब आम्ही करू.
>
> या मागणीमागे मेसच्या दर्जाबद्दल तक्रार नाही. पुढील बैठकीत हा विषय घ्यावा आणि आम्हाला दहा मिनिटे हिशोब मांडण्याची संधी द्यावी, ही विनंती.
>
> आपले नम्र,
> (विद्यार्थ्यांची नावे, खोली क्रमांक, सह्या)
>
> सोबत: परिशिष्ट ‘अ’
> प्रत माहितीसाठी: मा. वॉर्डन

परिशिष्ट ‘अ’ (एका वेळी 120 जण):

| पदार्थ | कच्चा जिन्नस | एकूण प्रोटीन | तयार वजन | एक वाढप | फलकावर |
|---|---|---|---|---|---|
| वरण | तूरडाळ 3.5 किलो | 770 ग्रॅम | 26 किलो | 150 ग्रॅम | 4.5 ग्रॅम |
| मटकी उसळ | कोरडी मटकी 5 किलो | 1000 ग्रॅम | 24 किलो | 150 ग्रॅम | 6 ग्रॅम |
| मटार पनीर | पनीर 2.5, मटार 3 किलो | 660 ग्रॅम | – | पनीरचा 10 ग्रॅमचा तुकडा | 2 ग्रॅम |
| कांदेपोहे | पोहे 7.2, शेंगदाणे 1 किलो | 780 ग्रॅम | माणशी समान वाटप | – | 6.5 ग्रॅम |
| चपाती | कणीक 24–25 ग्रॅम (1 नग) | 2.5 ग्रॅम | – | 1 नग | 2.5 ग्रॅम |

आकडे जवळच्या अर्ध्या ग्रॅमवर आणा, मधोमध आले तर खालचा घ्या. सव्वासहाचे सहा झाले ते म्हणूनच. फळ्यावर ‘6.25’ लिहिले तर अचूकतेचा आव येतो, आणि उसळ एक किलो जास्त शिजली की तो आकडा चुकीचा ठरतो.

बैठकीत काय विचारले जाते

ठेकेदाराची खरी भीती प्रोटीनची नसते. त्याला काळजी असते की माणशी किती डाळ पडते हे सगळ्यांना कळेल. 120 जणांत साडेतीन किलो म्हणजे वरणासाठी माणशी 29 ग्रॅम. निविदेत माणशी डाळीचे वजन ठरवून दिलेले असेल तर लगेच तुलना सुरू होईल. म्हणूनच पत्रातली तिसरी विनंती महत्त्वाची आहे: कच्च्या वजनांची वही समितीकडे, विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर नाही. निविदेतले वजन आणि पातेल्यातले वजन जुळत नाही असे दिसले तर तो विषय समितीने वेगळा हाताळावा. या पत्रात तो घुसवला की प्रोटीनचा रकाना बाजूला पडतो आणि ठेकेदार स्वयंपाकघराचे दार बंद करतो.

दुसरा प्रश्न असतो: ‘आकडा कमी आला तर तक्रारी वाढतील, मग जबाबदार कोण?’ फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात ‘आकडे अंदाजे, कच्च्या मालाच्या वजनावरून काढलेले’ एवढी ओळ कायम लिहा. अर्ध्या-एक ग्रॅमच्या फरकावरून तक्रार घेऊ नये, असे समितीनेच ठरवून कळवावे. दीड ग्रॅमच्या पुढे फरक पडला तर पुन्हा वजन घ्यायचे.

तिसरा प्रश्न आचाऱ्यांकडून येतो, आणि तो रास्त असतो: ‘रोज कोण मोजत बसणार?’ रोज मोजायचेच नाही. मेनू आठवड्याने फिरतो, तर एका आवर्तनात प्रत्येक पदार्थ एकदा मोजला की पुढचे तीन आठवडे तेच आकडे लिहायचे. फक्त डाळ बदलली, तुरीऐवजी मसूर आली, किंवा जेवणाऱ्यांची संख्या सणासुदीला निम्म्यावर आली, की फेरमोजणी करायची. गणपतीत आणि दिवाळीत हॉस्टेल ओस पडते, पण आचारी मात्र सवयीने मोठ्याच पातेल्यात पाणी घालतो. त्या आठवड्यातले वरण हमखास पातळ असते.

फळा

फळ्यावर पदार्थाच्या नावापुढे वाढप आणि वाढपापुढे आकडा लिहा: ‘मटकी उसळ – 1 वाटी – 6 ग्रॅम’. वाढप लिहिले नाही तर ‘उसळ 6 ग्रॅम’ म्हणजे 100 ग्रॅममध्ये की वाटीत, यावरून वाद होतात. दिवसाची बेरीज लिहू नका, कारण सगळे जण सगळे खात नाहीत आणि बेरीज पाहून लोक हिशोब बंद करतात.

नमुन्याची वाटी फळ्याखाली एका खिळ्याला टांगून ठेवा आणि वाढप जिथपर्यंत येते तिथे आतून रेघ ओढा. रोज पुसताना खडूचा आकडा अंदाजाने बदलला जातो, म्हणून सात दिवसांचे आकडे टाइप करून, लॅमिनेट करून वहीत ठेवा. फळा लिहिणाऱ्याने त्यातूनच उतरवायचे. पाणी घालून वाढवलेल्या रात्रीच्या वरणापुढे लिहायला एक ओळ मोकळी सोडा. नऊनंतर कोणी तिथे ‘3.5’ लिहिले, तर पुढच्या आठवड्यात आचारी डाळच थोडी जास्त टाकतात असा अनुभव बऱ्याच मेसमध्ये येतो.